पात हिरवीगार, पण खाली कांदाच नाही

कांद्यात पहिली शंका आली ती मला नाही, खुरपणीला आलेल्या शांताबाई मावशीला. दसरा होऊन चार दिवस झाले होते. मावशी सरीत बसल्या होत्या, त्यांनी एक रोप उपटलं, बुंध्याशी दाबून बघितलं आणि मला हाक मारली. "दादा, हिकडं या बरं. ह्येला गड्डा धराया लागला न्हाई अजून. नुसती पातच पात हाय." मी म्हटलं, धरेल की, अजून वेळ आहे. मावशींनी शेजारच्या वीस गुंठ्यांतलं एक रोप उपटून आणलं आणि दोन्ही माझ्या हातात दिली. एकाचा गड्डा मोठ्या लिंबाएवढा, लालभडक. दुसऱ्याची मान अंगठ्यापेक्षा जाड आणि खाली लसणीच्या पातीसारखं सरळसोट पांढरं खोड. दोन्ही रोपं एकाच दिवशी लावलेली होती.

आमची शेती मोहोळ तालुक्यात. तीन वर्षांपूर्वीच्या खरिपात अडीच एकर कांदा केला होता. त्यातल्या वीस गुंठ्यांना घरचं बी होतं, मागच्या वर्षी चांगले कांदे निवडून धरलेलं. बाकीच्या दोन एकरांसाठी सोलापुरातून बी आणलं: अर्ध्या किलोचे चौदा पुडे, एकूण सात किलो, किलोला २,२०० रुपये. म्हणजे १५,४०० रुपये नुसत्या बियाण्याचे. पुड्यावर खरीप हंगामाची, गडद लाल रंगाची जात छापली होती. दुकानदार शेठ आमच्या वडिलांपासूनचे ओळखीचे. "खरिपाचंच हाय का?" असं मी तोंडाने विचारलं होतं. "डोळे झाकून टाका," म्हणाले.

१५ जूनला गादीवाफ्यावर दोन्ही बी टाकलं, १ आणि २ ऑगस्टला लागण केली. खत तेच, पाणी तेच, फवारा एकाच पंपाने. हे इतकं बारकाईने सांगतोय, कारण पुढे सगळं प्रकरण या वीस गुंठ्यांच्या जिवावर उभं राहिलं. घरचं बी शेजारी नसतं तर माझ्याकडे नुसतं रडगाणं उरलं असतं.

कांद्याला गड्डा कधी धरायचा हे दिवसाची लांबी आणि तापमान ठरवतं. आपल्याकडच्या खरिपाच्या जाती ऑक्टोबरात, दिवस लहान होत असतानाही पोसतात. रब्बीच्या, म्हणजे उन्हाळी कांद्याच्या जातींना फेब्रुवारी-मार्चचा वाढत जाणारा दिवस आणि ऊब लागते. त्या खरिपात लावल्या तर पात जोरात वाढते, मान जाड होते, गड्डा मात्र भरत नाही. वर डिसेंबरची थंडी लागली की त्याच जाड रोपांना डेंगळे येतात, म्हणजे मधून फुलाचा दांडा निघतो आणि कांदा कामातून जातो. मला हे तेव्हा एवढं कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की दोन एकरांत तीनपैकी एक रोप नीट गड्डा धरतंय आणि दोन नुसती पात वाढवताहेत. तीही एका कोपऱ्यात नाहीत, एकाच सरीत हाताला हात लावून उभी. रोग असता तर चट्टे पडले असते, पाणी कमी असतं तर टेकाडावर दिसलं असतं. असं मिसळलेलं पीक दिसलं की बी मिसळलेलं आहे, हे ओळखायला शिक्षण लागत नाही.

मी शेठकडे गेलो. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून दिला. चार दिवसांनी तो पोरगा गाडीवर आला, शेत फिरला, फोटो काढले आणि म्हणाला, "युरिया जास्त झालाय काका. पंधरा दिवस पाणी तोडा, गड्डा धरेल." पंधरा दिवस पाणी तोडलं. घरच्या कांद्याची पात पिवळी पडायला लागली, तो काढणीला आला. दोन एकर मात्र तसंच हिरवंगार. तो पोरगा पुन्हा आला तेव्हा सोबत एक छापील कागद होता. "पुढच्या वर्षी सात किलो बी फुकट देतो, इथं सही करा." कागद मराठीत होता म्हणून वाचला. खाली लिहिलं होतं, माझी तक्रार निवारण झाली असून माझी कसलीही मागणी राहिलेली नाही. मी सही केली नाही. शेजारच्या गावातल्या आमच्या एका पाहुण्याने केली होती.

त्या पाहुण्याचंच नुकसान माझ्या मनाला जास्त लागलं. त्याने तेच बी, त्याच दुकानातून, दीड एकराला नेलेलं. गहू करायचा म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने उभ्या कांद्यावर रोटाव्हेटर फिरवला. मीही तेच करणार होतो. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं होतं. वाटेत आमच्या भाच्याने, तो पुण्यात कृषीचा विद्यार्थी, फोनवर ओरडून थांबवलं. "मामा, पंचनामा होईपर्यंत एक रोपसुद्धा उपटू नका!"

तक्रार कुठे करायची हेच मला माहीत नव्हतं. मी आधी दुकानावर भांडलो, मग पोलीस ठाण्यात जायच्या विचारात होतो. खरं ठिकाण वेगळं. तालुक्याला एक तक्रार निवारण समिती असते. उपविभागीय कृषी अधिकारी तिचे अध्यक्ष, पंचायत समितीचे कृषी अधिकारी सचिव, शिवाय तालुका कृषी अधिकारी, महाबीजचा प्रतिनिधी आणि कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ. मी ७ नोव्हेंबरला पंचायत समितीत लेखी अर्ज दिला, सोबत बिलाची आणि पुड्याची झेरॉक्स जोडली. आवक शिक्का मारलेली प्रत परत घेतली. अर्जात एक वाक्य भाच्याने मुद्दाम घालायला लावलं: पाहणीच्या वेळी कंपनी आणि विक्रेता यांना लेखी कळवून हजर ठेवावे. त्या वाक्याची किंमत मला वर्षभराने कळली. ग्राहक आयोगात कंपनीचे वकील पहिल्यांदा हेच बघत होते, की आम्हाला न बोलावता परस्पर पाहणी केली असं म्हणता येतंय का.

पुडे मात्र घरात होते कुठे? मी तर फेकून दिले असं समजत होतो. बायकोने ते धुऊन, सुकवून ठेवले होते, त्यात मोहरी, मेथ्या भरलेल्या. चौदातले अकरा सापडले. प्रत्येकावर हिरवं लेबल, सत्यतादर्शक बियाण्याचं, आणि लॉट नंबर. अकराही पुड्यांवर एकच नंबर होता. हे हिरवं लेबल म्हणजे सरकारने तपासलेलं बी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं, ते प्रमाणीकरण यंत्रणा देते. हिरव्यावर कंपनी स्वतःच लिहून देते की उगवण इतकी, शुद्धता इतकी, जात ही. म्हणजे बी खोटं निघालं तर ते लेबल हेच कंपनीचं खोटं बोलणं ठरतं.

बिलावर मात्र जातीचं नाव आणि '७ किलो' एवढंच होतं. लॉट नंबरची जागा कोरी.

१४ नोव्हेंबरला समिती शेतात आली. लागणीला १०५ दिवस झाले होते, पीक तयार व्हायची वेळ उलटत होती. शास्त्रज्ञ बाई चौघांच्या मागे न फिरता एकट्याच आत शिरल्या. त्यांनी लाकडाची एक मीटरची चौकट आणली होती. दोन एकरांत पाच ठिकाणी, कुठे टाकायची ते मला न विचारता, चौकट टाकली आणि आतलं प्रत्येक रोप उपटून मोजलं. गड्डा धरलेली एका बाजूला, जाड मानेची दुसऱ्या बाजूला. पाच चौकटींत मिळून ३१० रोपं निघाली, त्यातली २०८ गड्डा न धरलेली. म्हणजे शंभरातली सदुसष्ट. मग त्यांनी विचारलं, "हे शेजारचं बी कुठलं?" मी सांगितलं. त्या तिकडे गेल्या, तिथेही चौकट टाकली. तिथे ६४ रोपांत दोनच खराब निघाली. कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, यावर्षी पाऊस जास्त झाला." बाईंनी वर न बघता विचारलं, "पाऊस बांधाच्या अलीकडेच पडला का?"

मी त्या दिवशी एकच हट्ट धरला. सचिवांनी पंचनाम्यात लिहिलं होतं, पिकाची वाढ समाधानकारक नाही. मी हात जोडून म्हटलं, साहेब, का नाही ते लिहा. वाढ नाही एवढंच लिहिलं तर उद्या कोणीही म्हणेल, याने पाणी दिलं नसेल. बाईंनी माझी बाजू घेतली. शेवटी अहवालात आलं ते असं: एकाच दिवशी लागण केलेल्या, समान मशागत असलेल्या लगतच्या क्षेत्राशी तुलना करता सदर बियाण्यात हंगामाशी विसंगत अन्य जातीची ६७ टक्के भेसळ आढळते. जातीच्या भेसळीचा हा स्पष्ट शब्द नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. इतरांचे असे अहवाल मी नंतर पाहिले आहेत, त्यात 'हवामान अथवा बियाणे' असं लिहून सोडून दिलेलं असतं आणि कंपनीचे वकील तेवढ्या एका 'अथवा'वर सुटतात.

बीज निरीक्षकांनी दुकानात शिल्लक असलेल्या त्याच लॉटचा नमुना घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. महिन्याभराने निकाल आला: उगवण ७८ टक्के, भौतिक शुद्धता ठीक, नमुना पास. मी हबकलो. कांद्याला ७० टक्के उगवण पुरते, म्हणजे बी चांगलं ठरलं. कंपनीने त्या कागदाचा पुढे झेंडा केला. पण ताटलीत बी उगवलं की नाही एवढंच ती चाचणी सांगते. खरिपाचं बी उगवतं तसं रब्बीचंही उगवतं, आणि दोघांचा काळा दाणा बघून वेगळा सांगता येत नाही. जात खरी आहे का हे बघायला ते बी शेतात वाढवून बघावं लागतं. माझ्या दोन एकरांत ती चाचणी झालेलीच होती, तीही समितीच्या डोळ्यांदेखत.

फौजदारी बाजूचं मी लवकरच सोडून दिलं. १९६६च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो दंडही मला मिळणार नाही. शेतकऱ्याला भरपाई देण्याची तरतूदच त्यात नाही. ती मागायची तर ग्राहक आयोगात.

सोलापूरच्या एका वकील ताईंना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कांदा काढला की उभा आहे?" मी समितीचा अहवाल पुढे केला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. आधी दोघांना नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर आलं की पुड्याच्या मागे छापल्याप्रमाणे आमची जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरतीच आहे. १५,४०० रुपये! दोन एकरांच्या लागणीच्या मजुरीलाच माझे त्याहून जास्त गेले होते.

दावा जिल्हा ग्राहक आयोगात, सोलापुरातच. २०१९च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच दावा करता येतो, त्यामुळे कंपनीच्या गावी जावं लागलं नाही. खरेदीची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी शून्य. मुदत दोन वर्षांची. कंपनी पहिली आणि शेठ दुसरे सामनेवाले. शेठना ओढायचं मला जिवावर आलं होतं. ताईंनी समजावलं, "दादा, कंपनी उद्या म्हणेल हा पुडा आमचा नाही. मग पुडा कुठून आला हे फक्त दुकानदार सांगू शकतो. त्याला बाहेर ठेवलंत तर साखळी तुटेल."

अगदी तसंच घडलं. कंपनीच्या लेखी म्हणण्यात लिहिलं होतं, सदर लॉट या विक्रेत्याला आम्ही पुरवलेलाच नाही, पुडे बनावट असण्याची शक्यता आहे. माझ्या बिलावर लॉट नंबर नव्हता, त्यामुळे मला काही बोलता येईना. शेठ तोवर गप्प होते. हे वाचल्यावर मात्र ते स्वतः उठून उभे राहिले. पुढच्या तारखेला त्यांनी घाऊक विक्रेत्याचं खरेदी बिल आणि साठा रजिस्टर आणलं. बिलावर तोच लॉट नंबर, आणि घाऊक विक्रेत्याला कंपनीने पाठवलेल्या मालाच्या चलनावरही तोच. रजिस्टरचं पान आयोगापुढे ठेवताना शेठचा हात थरथरत होता. कंपनीने त्यानंतर बनावट पुड्याची गोष्ट काढली नाही.

मग बाकीचे बचाव आले. शेतकऱ्याने कांदा विकण्यासाठी पिकवला म्हणजे तो ग्राहकच नाही. याने पेरलेल्या पुड्यांतल्या बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही. रोप ४७ दिवसांचं, म्हणजे वय झालेलं लावलं. पहिल्या दोन्हींना ताईंनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२चा नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी हा निकाल दाखवला. त्यात म्हटलंय की बी घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि पुढे तपासणी करावी लागेल म्हणून त्याने बी राखून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही, तो सगळंच पेरणार. रोपाच्या वयाचं उत्तर वीस गुंठ्यांनी दिलं. तिथलंही रोप ४७ दिवसांचंच होतं.

सगळ्यात कठीण गेलं ते नुकसान किती हे सिद्ध करणं. मी आपला अंदाजाने पाच लाख म्हणत होतो. ताईंनी ते खोडलं. घरच्या वीस गुंठ्यांत ४१ क्विंटल निघाला होता, त्याच्या सोलापूर बाजार समितीतल्या हिशेबपट्ट्या माझ्याकडे होत्या. त्यावरून एकरी ८२ आणि दोन एकरांना १६४ क्विंटल. आयोगाने १६० धरले. त्याचे ६७ टक्के म्हणजे १०७ क्विंटल गेले. भाव हिशेबपट्टीतला सरासरी १,४०० धरला, झाले १,४९,८००. मग माझी वाचलेली काढणी, बारदान आणि गाडीभाडं क्विंटलला २५० प्रमाणे वजा केलं, २६,७५०. राहिले १,२३,०५०. हे वजा करणं तेव्हा मला डाचलं, पण खरंच आहे, न निघालेल्या कांद्याला मी गाडी लावली नव्हती.

निकाल दावा दाखल केल्यापासून एकोणीस महिन्यांनी लागला. १,२३,०५० रुपये, दाखल तारखेपासून व्याज, मानसिक त्रासाचे १५,०००, खर्चाचे ५,०००, सगळं कंपनीवर. शेठनी सीलबंद माल विकला आणि साखळी दाखवली म्हणून भरपाईतून ते सुटले. बिलावर लॉट नंबर न लिहिल्याबद्दल मात्र त्यांना ३,००० द्यायला लावले. ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिले.

कंपनीने ४५ दिवसांच्या मुदतीत राज्य आयोगात अपील केलं. अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ती भरली आहे. म्हणजे पैसा कुठेतरी जमा आहे, माझ्या हातात अजून एक रुपया नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.

पाहुणाही ताईंकडे गेला होता. बिल होतं, पुडे होते, लॉट नंबर तोच होता, मुदतही शिल्लक होती. ताईंनी त्याची फाईल दोनदा चाळली. शेतात काय उभं होतं हे सांगणारा एकही कागद त्यात नव्हता, आणि त्याच्या सहीचा कंपनीचा कागद मात्र होता. त्याने माझा अहवाल वापरता येईल का विचारलं. ताई म्हणाल्या, प्रयत्न करू, पण तुमच्या दीड एकरात किती रोपं खराब होती हे कोणी मोजलं? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघं मोहोळच्या एसटीत शेजारी बसून परत आलो, वाटेत तो एक शब्द बोलला नाही.